खोल दर्या की खोल दऱ्या?

भोरचा_पोरगा: आजोबांच्या आठवणींचं १९३७ साली छापलेलं पुस्तक कॅनडातल्या भाचरांसाठी इंग्रजीत करतोय. पानाचा मोबाइलवर फोटो काढला, ॲपने जो मजकूर काढून दिला तोच पुढे भाषांतराला टाकला. "गांवाच्या पश्चिमेस खोल दर्या आहेत" याचं झालं गावाच्या पश्चिमेला खोल समुद्र. समुद्र पश्चिमेलाच असतो म्हणून मला खटकलंच नाही, काल आई म्हणाली अरे आपल्या गावातून समुद्र कुठला! दर्याचा जुना अर्थ वेगळा होता का?

जुनंपान: अर्थाचं नाही, अक्षराचं आहे. मूळ पानावर य ला डावीकडून चिकटलेली छोटी आडवी रेघ दिसेल, म्हणजे ऱ्य. ॲपने तिचा रफार करून य च्या डोक्यावर बसवला. आणि वाक्यातच 'आहेत' आहे की, समुद्र असता तर 'दर्या आहे' आलं असतं. या दरीच्या दऱ्या.

तांबडीमाती: शेवटी एकच शब्द ना, फारसी. खोल ते दर्या.

जुनंपान: दर्या फारसी, दरी संस्कृत. नातं नाही.

सरळमराठी: मग समुद्र म्हणा ना, फारसी हवंय कशाला?

वसईकर: आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या दर्याच म्हणतात, आमची मराठी काय भाड्याची?

भोरचा_पोरगा: भांडू नका हो. "आजोबा घरांत नव्हते" चं पण अनेक घरं झालंय.

तांबडीमाती: बरोबरच आहे, टिंब म्हणजे अनेकवचन.

जुनंपान: आजच्या लिखाणात. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधी एका घरालाही 'घरांत'च लिहायचे. उलटा घोळ पण बघा, फोटो 'स्वच्छ' करणारा फिल्टर लावला असेल तर तो टिंबाला धूळ समजून पुसतो. मग 'त्यांचें नांव' चं 'त्याचे नाव' होतं आणि भाषांतरात अनेकांचा एकच माणूस होतो. फिल्टर काढा, उजेड एका बाजूने घ्या, परत फोटो काढा.

चहाबाज: माझ्या बायकोच्या यादीत 'उद्या' चं 'उघा' आलेलं, द्य चा घ! दूध आणायचं राहिलं आणि बोलणी मी खाल्ली.

जुनंपान: मजकुरात र्य शोधा. सूर्य, कार्य, धैर्य सोडून द्या, बाकीचे एकेक पानाशी ताडून बघा.

भोरचा_पोरगा: शोधले. 'पायर्या', 'सार्यांनी' लगेच कळले. एक अडलाय, "मुंजीस दोन आचार्यांस बोलावलें." पानावर नेमकी तिथेच शाई पसरलीये. आचार्य की आचारी?

वसईकर: मुंज आहे, दोन्ही लागतात.

सरळमराठी: दोन आचारी म्हणजे पंगत मोठी असणार.

जुनंपान: पुढच्या ओळीत दक्षिणा आहे की शिधा?

भोरचा_पोरगा: पुढे आजोबांच्या घोड्याबद्दलच आहे सगळं.

चहाबाज: ते जाऊ द्या, मोबाइलवर ऱ्य टाइप कसं करायचं ते सांगा कोणीतरी, मी वरून कॉपी करतोय.