नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायला हाताशी एकूण किती पैसे हवेत?

मुक्ता_नागपूर

नमस्कार मंडळी. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली आहे, १ जूनला रुजू व्हायचंय. आम्ही तिघं, मुलगी सहा वर्षांची. शाळेची फी वेगळी काढून ठेवली आहे, ती या हिशोबात नाही.

वाकडला टू बीएचके पाहून ठेवलाय, चौथा मजला. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,००० आणि एजंटला एक महिन्याचं भाडं. फोनवर एका पॅकर्सवाल्याने सामानाचे १९,५०० सांगितले, म्हणून मी वीस धरले. सगळं मिळून १,४३,००० होतात. आमच्याकडे बरोबर दीड लाख आहेत. कंपनी ५०,००० पर्यंत खर्च देणार आहे, पण बिलं लावल्यावर, म्हणजे दीडेक महिन्याने. इथल्या घराचं २८,००० डिपॉझिट अडकलेलं आहे.

सामान असं: फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, एक एसी, मोठा कूलर, डबल बेड, दिवाण, प्लायवूडचं कपाट, अॅक्टिव्हा आणि स्वयंपाकघर. माझ्या हिशोबात काय राहिलंय? रात्री झोप लागत नाहीये, कृपया सांगा.

ओंकार_के

ताई, तीन ठिकाणचे दर घ्या आणि महिन्याच्या मधल्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा. महिनाअखेरीला सगळ्यांचीच घरं हलतात, तेव्हा दर चढतात. १९,५०० वाल्याला रोख द्यायचं कबूल करा, म्हणजे जीएसटी वाचेल. करारनामा ५०० च्या स्टँपवर नोटरी करून घ्या, उगाच रजिस्ट्रेशनवर खर्च नको. आणि भरलेला सिलिंडर ट्रकमध्येच टाका, तिकडे गेल्या गेल्या चहा होतो.

रश्मी_बंगळुरू

आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो तेव्हा मालकाने सहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागितलं होतं, त्यामुळे तुमचं बजेट फारच कमी वाटतंय. शिवाय गाडीची एनओसी काढा. नव्या राज्यात पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स भरावा लागतो, त्यातच आमचे बरेच पैसे गेले.

बिल्टीवाला

रश्मीताई, त्या राज्य बदलत नाहीयेत. नागपूरची गाडी पुण्यात चालते, नवा रोड टॅक्स नाही. आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा.

मुक्ताताई, मी बारा वर्षं वाहतुकीच्या धंद्यात होतो, आता नाही. तुमच्या यादीत सगळ्यात कच्चा आकडा १९,५०० चा आहे. सामान न बघता सांगितलेला दर म्हणजे तुम्हाला अडकवायचा दर. माणूस घरी येऊन, किंवा निदान व्हिडिओवर, एकेक वस्तू लिहून घेतो आणि त्यावरून किती फुटांची गाडी लागेल ते ठरतं. ती यादी कोटेशनला जोडून मागा. यादीच नसेल, तर गाडी वाकडला पोचल्यावर "सामान जास्त निघालं" म्हणून दहा हजार वाढवून मागतात आणि तोवर तुमचं घर त्यांच्या ताब्यात असतं.

त्यांना चार गोष्टी लेखी विचारा. गाडी फक्त तुमच्यासाठी आहे की पार्ट लोड? पार्ट लोड स्वस्त पडतो, पण सामान वाटेत गोदामात उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं आणि यायला आठवडाही लागतो. काच आणि प्लायवूड तिथेच मोडतं. चौथ्या मजल्यावर चढवायची हमाली धरली आहे का, आणि लिफ्ट नाही मिळाली तर किती? मोठी गाडी सोसायटीच्या गेटमधून आत जाते का? जात नसेल तर बाहेरून आत आणायला छोटा हत्ती लागतो, त्याचे पैसे कोण देणार? आणि जीएसटी धरून दर आहे की वेगळा?

गाडी भरली की बिल्टी घ्या. त्यावर गाडीचा नंबर, नगांची संख्या आणि उरलेली रक्कम लिहिलेली हवी. अॅडव्हान्स थोडाच द्या आणि मोठा हिस्सा सामान मोजून उतरवून घेतल्यावर.

ओंकारभाऊंचं दर आणि वाराबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. बाकीचं करू नका. पक्कं बिल नसेल तर कंपनी पैसे देणार नाही. साडेतीन हजार वाचवायला जाल आणि पन्नास हजार घालवाल. बिल नवऱ्याच्या नावाने घ्या. भरलेला सिलिंडर घरसामानाच्या गाडीत चालत नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या, पुण्यात तेच दाखवून कनेक्शन मिळतं. फक्त लक्षात ठेवा, तुमच्या जुन्या पावतीवर जी अनामत असेल तेवढीच परत मिळते आणि नव्या ठिकाणी आजच्या दराने भरावी लागते. २०२२ पासून मोठ्या सिलिंडरची अनामत २,२०० आहे.

वकिलीण_बाई

कराराबद्दल सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरी केलेला कागद पुरत नाही. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, त्यात ७५,००० वर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज ६,८७५. या एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आतच. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठा आणि फोटो घेणारा माणूस स्वतःचे वेगळे घेतो. सगळे मिळून ३,००० धरा आणि निम्मे मालकाने द्यावेत असं आधीच बोलून घ्या.

एजंटला विचारा, दलालीवर जीएसटी लावणार का. लावला तर २४,००० चे २८,३२० होतात.

मुक्ता_नागपूर

खूप खूप आभार. आज एकजण घरी येऊन यादी करून गेला. त्याने स्वतंत्र गाडीचे ३४,००० सांगितले, जीएसटी वेगळा, अॅक्टिव्हा धरून. शिवाय "इन्शुरन्स दीड टक्का" म्हणाला. मी सामानाची किंमत दोन लाख सांगितली. हा इन्शुरन्स घ्यावा का?

बिल्टीवाला

घ्या, पण विमा कंपनीचं नाव आणि तुमचं नाव असलेलं सर्टिफिकेट गाडी हलायच्या आत हातात आलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी टक्क्याचे पैसे घेतात आणि पॉलिसी काढतच नाहीत. बिल्टीवर "ओनर्स रिस्क" असा शिक्का असतो, मग फुटलं की हात वर. सर्टिफिकेटमध्ये फक्त अपघात आणि आग आहे की फूटतूटही, ते वाचा. फक्त अपघाताचं असेल तर फ्रिजला पडलेल्या पोचेचे पैसे मिळणार नाहीत. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता तुमचा हिशोब पुन्हा मांडू. ३४,००० वर १८ टक्के जीएसटी धरून ४०,१२०. विम्याचे ३,००० अधिक जीएसटी, ३,५४०. डिपॉझिट ७५,०००, पहिलं भाडं २४,०००, दलाली २४,०००, करार ३,०००. सोसायटी सामान आत आणायचे पैसे घेते का ते मालकाला विचारा, तोवर २,००० धरा. एसी काढणं, बसवणं, पाइप आणि गॅस मिळून ५,०००. तिकिटं आणि एक-दोन दिवसांचं बाहेरचं जेवण ८,०००. घर लावायला २५,०००. आणि नागपूरचं घर कधी सोडताय?

मुक्ता_नागपूर

मालकांना महिन्याची नोटीस द्यावी लागते. पुण्याचं भाडं १५ मेपासून सुरू होतंय. इथलं भाडं १४,०००.

बिल्टीवाला

मग पंधरा दिवस दोन्हीकडची भाडी, ७,००० अजून. एकूण २,१६,६६०. तुमच्या दीड लाखात ६६,६६० कमी पडतात. घाबरू नका, यातलं डिपॉझिट परत येणारं आहे आणि भाडं तर कुठेही भरलंच असतं. ते दोन्ही वगळले तर खरा खर्च १,१७,६६० आहे. अडचण खर्चाची कमी आणि तारखांची जास्त आहे: पैसे १५ मेच्या आसपास जातात आणि कंपनीचे, जुन्या मालकाचे नंतर येतात.

सुलभा_मावशी

मुली, घर लावायच्या २५ हजारांबद्दल बोलते. पुण्यात "सेमी-फर्निश्ड" शब्दावर जाऊ नकोस. माझ्या भावाच्या त्या घरात पंखे आणि ट्यूबलाइट होत्या, पण गीझर नव्हता, पडद्याचे रॉड नव्हते आणि खिडक्यांना जाळी नव्हती. वाकडला डास फार, जाळी पहिल्याच दिवशी लागली. मालकाकडून काय काय आहे ते करारातल्या यादीत लिहून घे. पहिल्या आठवड्यात जाळी, गीझर आणि चुलीची सोय, बाकी सगळं दुसऱ्या पगारावर.

आणि एवढा मोठा कूलर कशाला नेतेस? पुण्याला नागपूरचा उन्हाळा नाही. ट्रकमध्ये जागा खातो. नागपुरातच मे महिन्यात चांगल्या भावाला जाईल.

वॉशिंग मशीनचं मात्र बघ. फ्रंट लोडच्या मागे तीन-चार भोकं असतात, त्यात नवी येताना लांब बोल्ट असतात. ते न लावता ट्रकमधून नेलं तर ड्रम हलून आतले स्प्रिंग आणि शॉकअप जातात.

मुक्ता_नागपूर

मावशी, आत्ताच मशीन भिंतीपासून ओढून पाहिलं. मागे चार प्लास्टिकची झाकणं आहेत आणि बोल्टची पिशवी गॅसच्या पुस्तकाबरोबर कपाटात सापडली! मी ती पिशवी कितीदा टाकून द्यायला निघाले होते.

जयंत_प

पुण्याचा मालक ७५ वर अडून बसला असेल तर ५० म्हणा. मी बाणेरला दोन महिन्यांच्या भाड्याएवढं देऊन राहतोय. आणि जुन्या मालकाला सांगा की शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा.

वकिलीण_बाई

जयंत, करारात तसं लिहिलेलं नसेल तर मालकाची लेखी संमती हवी. परस्पर भाडं थांबवलं तर उरलेलं डिपॉझिट अडकेल. व्हॉट्सअॅपवर त्यांचा होकार आला तरी ठीक.

मुक्ता_नागपूर

चार दिवसांनी लिहितेय. कूलर, दिवाण आणि प्लायवूडचं कपाट विकलं, ९,००० आले. यादी कमी झाल्यावर त्याच पॅकर्सने २८,५०० केले, म्हणजे जीएसटी धरून ३३,६३०. गेटमधून गाडी आत येत नाही असं सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, ते आधीच विचारलं म्हणून छोट्या गाडीचे पैसे त्याच दरात लिहून घेतले. डिपॉझिट ६०,००० वर आलं. घर लावायला १२,००० च काढले आहेत, गीझर मालक बसवून देतायत.

एकूण १,८२,१७०, त्यातून विक्रीचे नऊ गेले की १,७३,१७०. उरलेल्या २३ हजारांसाठी भाऊ २५ देतोय, कंपनीचे आले की परत. नागपूरचे घरमालक काका भाडं वळतं करायला अजून हो म्हणाले नाहीत. "घर बघून सांगतो" म्हणतात. भिंतीला मुलीने रंगवलेलं आहे, ते स्वतः रंग लावून द्यावं की त्यांना कापू द्यावं, कोणाला अनुभव आहे का?

सुलभा_मावशी

किती भिंत आहे? फोटो टाक.