१३एस पॅक २५ वरून १८.२ वर आला, सेल बॅलन्स, आयआर ठीक. कपॅसिटी गेली कुठं?

होटगीरोड_ईव्ही
मदत हवी आहे, जरा लवकर. डिलिव्हरीच्या स्कूटरचा पॅक आहे, १३एस१०पी, नवा होता तेव्हा २५ अँपिअर-अवर देत होता, आता १८.२ देतो. तेराही गटांतला फरक १५ मिलिव्होल्टच्या आत आहे. बीएमएस बदलून पाहिला, आकडा तोच. आयआर मीटरवर सगळे गट नव्यासारखे दिसतात. मालक म्हणतो सेल बदलून टाका, पण दोष कळल्याशिवाय तसलेच सेल परत घालण्यात अर्थ नाही, कारण असे आणखी ११ पॅक रांगेत आहेत. कॅथोडच्या कणांना तडे जातात आणि त्यातला धातू विरघळतो असं वाचलं. इथं तेच झालंय का, आणि सेल न फोडता कळेल का?

बॅलन्सर_भाऊ
५ अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर लावा. दोन आठवड्यांत रेंज परत येते. निम्म्या पॅकना हाच आजार असतो.

होटगीरोड_ईव्ही
फरक १५ मिलिव्होल्टच्या आत आहे असं वर लिहिलंय की ओ. बॅलन्सर काय करणार तिथं?

घनकण
बॅलन्सरनं इथं काही होणार नाही, तेराही गट सारखेच झिजलेत. पण तुम्ही महत्त्वाचं काहीच लिहिलं नाही. सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचा एनएमसी की लोह-फॉस्फेटचा एलएफपी? चार्जर किती व्होल्टला थांबतो आणि किती अँपिअर देतो? चार्जिंग कधी, कुठं होतं, आणि भरल्यावर पॅक किती तास तसाच पडून राहतो? १८.२ हा आकडा किती करंटवर मोजला? आणि त्याच लॉटचा एखादा न वापरलेला सेल शिल्लक आहे का? शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

सात_रस्ता
माझ्या घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीतही तळाला धातू साचलाय, गाळ दिसतो. डिस्टिल्ड वॉटर बदलून जाईल का?

घनकण
सात रस्ता, ती लेड-ॲसिड आहे. तुमचा गाळ प्लेटचा झडलेला मसाला आहे, पाणी बदलून तो प्लेटवर परत चिकटत नाही. वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.

होटगीरोड_ईव्ही
एनएमसी, १८६५०, २५०० मिलिअँपिअर-अवर. चार्जर ५४.६ व्होल्ट, ८ अँपिअर. गाड्या दुपारी दीडला परत येतात, लगेच लावतात. साडेचारपर्यंत भरतं, पुढची फेरी सातला. गोदाम एमआयडीसीत, वर पत्रा. मे महिन्यात पॅकच्या सेन्सरवर ५१ अंश दिसले होते. १८.२ अर्ध्या सी-रेटवर, म्हणजे १२.५ अँपिअरवर मोजलं. न वापरलेले चार सेल आहेत, कपाटात, साधारण ३.६ व्होल्टवर.

अक्कलकोट_नाका
मग सरळ आहे. ५१ अंशाला मँगनीज विरघळतं. कॅथोडचा माल कमी झाला म्हणून कपॅसिटी कमी झाली. जेवढा धातू गेला तेवढे अँपिअर-अवर गेले.

घनकण
मँगनीज विरघळतं हे बरोबर, शेवटचं वाक्य नाही. हिशेब करून बघा. २५०० च्या सेलमध्ये कॅथोडची पावडर साधारण १५-१६ ग्रॅम असते. पाव हिस्सा कपॅसिटी धातू विरघळूनच गेली म्हणायची तर जवळपास चार ग्रॅम पावडर नाहीशी व्हायला हवी. तसं होत नाही. ॲनोडवर सापडणारा धातू वजनात अगदी नगण्य असतो.

नुकसान तो जिथं पोचतो तिथं करतो. ॲनोडच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, एसईआय. तो नीट असेल तर इलेक्ट्रोलाइट ग्रॅफाइटला शिवत नाही. मँगनीज तिथं जाऊन बसलं की थर बिघडतो, इलेक्ट्रोलाइट पुन्हा फुटत राहतं आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम त्या थरात कायमचं अडकतं. चूक कॅथोडची, खर्च लिथियमचा, आणि खूण ॲनोडवर. म्हणून हे कारण लपून राहतं.

उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की हे जोरात चालतं. इलेक्ट्रोलाइटमधल्या LiPF6 ला जरासा ओलावा मिळाला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. वरच्या व्होल्टेजवर सॉल्व्हंटही ऑक्सिडाइज होतं, त्यातून आणखी आम्ल. तेच कॅथोडच्या पृष्ठभागावरून धातू काढतं.

विद्युत_ताई
तड्यांचा भाग राहिला. एनएमसीचा कण म्हणजे राजगिऱ्याचा लाडू समजा, साधारण १० मायक्रॉनचा, आत शेकडो बारीक दाणे. लिथियम बाहेर गेलं की प्रत्येक दाणा आपल्या दिशेनं आकसतो आणि शेजारच्याशी ताण येतो. निकेल जास्त आणि व्होल्टेज ४.१५-४.२ च्या आसपास असेल तेव्हा सगळ्यांत जास्त. दाण्यांमधल्या सांध्याला भेग पडली की इलेक्ट्रोलाइट आत शिरतं. धुपायला नवा पृष्ठभाग मिळतो, धातू आणखी सुटतो. काही दाण्यांचा करंटचा संपर्क तुटतो, मग त्यांचं लिथियम असून नसल्यासारखं.

मीटर एक किलोहर्ट्झवर मोजतो. तिथं मुख्यतः टॅब, फॉइल आणि इलेक्ट्रोलाइटचा रोध दिसतो, कॅथोडच्या पृष्ठभागावरची अडचण नाही. ती बघायची तर अर्ध्या चार्जवर २.५ अँपिअरचा १० सेकंद पल्स द्या आणि आधीचं व्होल्टेज व दहाव्या सेकंदाचं व्होल्टेज यातल्या फरकाला करंटनं भागा. एक खबरदारी: भेगांत इलेक्ट्रोलाइट भरलं की सुरुवातीला पृष्ठभाग वाढून रोध उलट कमीही दिसतो. पल्स ठीक आला म्हणून तडे नाहीत असं म्हणू नका.

एलएफपी_लावा
सगळ्या पॅकमध्ये एलएफपी टाका. सोलापूरच्या उन्हात दुसरं काही टिकत नाही. तडे नाहीत, धातू नाही.

विद्युत_ताई
एलएफपी इथं जास्त टिकेल हे मान्य. पण 'धातू नाही' चूक आहे, ओलावा आणि उष्णता असेल तर लोह तिथंही विरघळतं. आणि १३एसच्या जागी सुमारे १५-१६एस लागतील, वजन वाढेल, बीएमएस आणि चार्जर बदलेल. प्रश्न दोषाचा आहे, बदलीचा नाही.

घनकण
होटगीरोड, आता हे करा. पॅकमधून एक सेल आणि कपाटातला एक सेल घ्या, दोन्ही एकाच खोलीत, २५ अंशाच्या आसपास. ४.२ पर्यंत चार्ज, शेवटी करंट १२५ मिलिअँपिअरच्या खाली येईपर्यंत. मग अर्ध्या सी-रेटवर २.८ पर्यंत उतरवा आणि आकडा लिहा. परत भरून १२५ मिलिअँपिअरवर उतरवा, जवळजवळ दिवस जाईल. दर ५ मिलिव्होल्टला नोंद घ्या. त्या नोंदींतून dV/dQ काढा, म्हणजे दर मिलिअँपिअर-अवरमागे व्होल्टेज किती बदललं ते, थोडं स्मूथिंग द्या. नाहीतर टोकं नुसती कुसळं दिसतील.

होटगीरोड_ईव्ही
तीन दिवस गेले. आकडे:
अर्धा सी: नवा २४५०, जुना १८२०.
१२५ मिलिअँपिअर: नवा २५४०, जुना २०८०.
१० सेकंदांचा पल्स: नवा ३८ मिलिओहम, जुना ६१. आयआर मीटरवर २१ आणि २३.
dV/dQ मध्ये मधोमध एक मोठं शिखर येतं. पूर्ण चार्जपासून तिथपर्यंत नव्याचे ११८०, जुन्याचे ७९०. तिथून रिकामं होईपर्यंत नव्याचे १३६०, जुन्याचे १२९०. आता लवकर सांगा.

घनकण
छान मोजलंत. अर्ध्या सी-रेटवर ६३० ची तूट आहे, सावकाश उतरवल्यावर ४६०. म्हणजे १७० रोधामुळे अडकलेले होते, माल शिल्लक आहे पण वेगात निघत नाही. उरलेले ४६० खरंच गेले.

मधलं शिखर ग्रॅफाइटचं आहे. शिखरापासून रिकामं होईपर्यंत फक्त ७० कमी, म्हणजे ग्रॅफाइट बऱ्यापैकी शाबूत. पूर्ण चार्जच्या बाजूला ३९० कमी, म्हणजे ग्रॅफाइट पूर्वीइतका भरतच नाही. त्याला भरणारं लिथियम कमी झालंय. किलोहर्ट्झचा आकडा जवळपास तोच आणि पल्सचा २३ नं वाढला, म्हणजे टॅब किंवा त्यांचे जोड नव्हेत, पृष्ठभागाची अडचण. उष्णतेत पूर्ण चार्जवर पडून राहिलेल्या एनएमसीचं चित्र असंच दिसतं.

बॅलन्सर_भाऊ
मग तडे कुठं सिद्ध झाले? लिथियम प्लेटिंगनं, म्हणजे ॲनोडवर धातू होऊन साचल्यानंही लिथियमच जातं.

घनकण
बरोबर आहे, तडे यातून सिद्ध होत नाहीत. तड्यांमुळे लिथियमनं भरलेले दाणे तुटले तरी शिखर असंच सरकतं. प्लेटिंग मला कमी शक्य वाटतं. ८ अँपिअर म्हणजे ०.३२ सी, आणि पॅक गरम असताना. पण एसईआय जाड झाल्यावर वरच्या टोकाला थोडं होतंही. चार्ज थांबल्यावर पहिले दोन-तीन तास व्होल्टेज नोंदवा. खाली येताना मध्ये छोटा सपाट टप्पा दिसला तर प्लेटिंगची शंका घ्या.

विद्युत_ताई
खात्री हवी असेल तर सेल उघडावा लागेल, आणि ते दुकानात नाही. २.८ वर उतरवलेला सेल, आर्गॉनचा ग्लोव्ह बॉक्स. ॲनोड ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपीवर मँगनीज-निकेल-कोबाल्ट बघतात. कॅथोडचा आयन मिलिंगनं केलेला छेद एसईएमखाली बघतात, कात्रीनं कापला तर कापण्याचेच तडे दिसतात. नव्या सेलचा छेद सोबत हवाच, कारण फॅक्टरीत रोलरखाली दाबतानाही काही कण फुटतात. मग कॅथोडचा तुकडा नव्या लिथियमसमोर कॉइन सेलमध्ये चालवायचा. पूर्ण कपॅसिटी परत आली तर कॅथोड ठीक, फक्त लिथियम गेलं. नाही आली तर कॅथोडचंच नुकसान झालंय, बहुधा दाणे तुटलेत. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये आयसीपी आणि एसईएम बाहेरच्या नमुन्यांसाठी आहेत, पण सेल उघडून देणारं आधी शोधा. घरी फोडू नका, आतल्या मिठातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुटतं.

होटगीरोड_ईव्ही
तेवढा खर्च मालक करणार नाही. या ११ पॅकचं काय?

घनकण
गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवा. चार्जर प्रति सेल ४.१, म्हणजे ५३.३ व्होल्टला आणा. आठ-दहा टक्के रेंज जाईल, पण ताणाचा वरचा टप्पा टळतो. दीडला आलेली गाडी तासभर सावलीत ठेवा, मग अशा वेळी चार्जला लावा की साडेसहाच्या आसपास भरेल. भरलेला पॅक पत्र्याखाली अडीच तास पडून राहतो, ते मला मुख्य कारण वाटतं.

अक्कलकोट_नाका
५३.३ ला बऱ्याच बीएमएसचं बॅलन्सिंग सुरूच होत नाही. ते ४.१८ च्या पुढं चालू होतं. दोन महिन्यांत गट फाकतील.

घनकण
हे खरंय, मी सांगायला हवं होतं. महिन्यातून एकदा सकाळी, थंड पॅकवर ५४.६ पर्यंत चार्ज करा, बॅलन्सिंग होऊ द्या आणि लगेच गाडी बाहेर काढा.

होटगीरोड_ईव्ही
दोन पॅकचे चार्जर आज ५३.३ ला लावले, बाकीचे तसेच ठेवलेत तुलनेला. तीन महिन्यांनी दोन्हीकडचा सेल १२५ मिलिअँपिअरवर उतरवून आकडे टाकतो. चार्जनंतरची नोंद काढली, सपाट टप्पा असल्यासारखा वाटतो पण नीट कळत नाही. दर किती सेकंदाला नोंद घ्यायची?

बॅलन्सर_भाऊ
दर १० सेकंदाला घ्या. आणि आलेख इथं टाका, प्लेटिंगचं मी अजून सोडलेलं नाही.