अण्णांचं भिंग

महेश, बी-३०२: नमस्कार मंडळी. अण्णांना पेपर वाचता येईना झालाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी त्रास आहे. डॉक्टर म्हणतात नंबर वाढवून उपयोग नाही, भिंग वापरा. म्हणून पाच इंची मोठं भिंग आणलं, त्यावर १०X लिहिलंय. तरी काही लागत नाही ओ.

सुमनकाकू, ए-१०१: आमच्या यांच्याकडे पण तसलंच आहे. कपाटात पडलंय.

विद्या, सी-२०४ (चष्मेवाली): महेशदादा, पाच इंची भिंग दहापट दाखवूच शकत नाही. ताकद वाढली की काच फुगीर आणि लहान होत जाते. ताकद घरीच मोजता येते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि पुढेमागे करा. बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट पडलं की भिंग ते भिंत अंतर पट्टीनं मोजा. १०० ला त्या सेंटिमीटरनं भागा, तो भिंगाचा नंबर.

महेश: २५ सेंमी आलं. म्हणजे ४?

विद्या: हो. अण्णांचा जवळचा चष्मा किती?

महेश: +३.

विद्या: मग चष्म्यापेक्षा जेमतेम वरचं भिंग घेतलंत तुम्ही 😄 आता चष्मा लावून, साधारण ३३ सेंमीवर पेपर धरून, अण्णांना सगळ्यात बारीक काय वाचता येतं ते बघा. त्या अक्षराची उंची मोजा, मग बातमीतल्या अक्षराची.

मोहन, सी-४०१: पाणी उद्या आहे का परवा?

सुमनकाकू: परवा. मध्येच काय ओ.

महेश: पोटमथळा वाचतात, ५ मिमी. बातमीचं अक्षर अडीच.

विद्या: म्हणजे दुप्पट हवं. ३ च्या दुप्पट ६. पण ६ वर एकेक अक्षर लावत बसतील, सलग वाचायला थोडं वरचं लागतं. १० नंबरचं बघा. ते कागदापासून १० सेंमीवर धरायचं, आणि डोळा भिंगाच्या जवळ न्यायचा. सगळे भिंग हात लांब करून धरतात, मग दोन-तीनच अक्षरं मावतात. डोळा जवळ नेला की तेवढ्याच काचेतून अख्खी ओळ दिसते.

महेश: हात थरथरतो त्यांचा.

विद्या: मग कागदावर टेकवायचं, पायांचं स्टँडवालं घ्या. अंतर आपोआप बरोबर राहतं. मात्र स्टँडवाल्याबरोबर जवळचा चष्मा लावायचा. हातातलं १० सेंमीवर धरलं तर तो काढायचा. लोक नेमकं उलटं करतात आणि भिंगाला नावं ठेवतात. विकत घ्यायच्या आधी त्यांनाच दुकानात न्या, पेपर सोबत घेऊन.

आणि अण्णा बसतात कुठं?

महेश: हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली.

विद्या: ट्यूब पाठीमागे असेल तर त्यांच्याच डोक्याची सावली पेपरवर पडते. मान वाकणारा टेबल लॅम्प घ्या, जो डोळा बरा आहे त्या बाजूनं, आणि दिवा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. उघडा बल्ब दिसायला नको, नाहीतर चकाकीनं आहे तेही दिसेना होतं. जास्त वॅटचा बल्ब आणण्यापेक्षा लॅम्प जवळ ओढा. दोन फुटांवरचा एक फुटावर आणला की कागदावर जवळजवळ चौपट उजेड पडतो.

सुमनकाकू: आमच्या यांना गॅलरीतल्या उन्हात बरं दिसतं.

विद्या: काकू, ऊन पाठीमागून पण एका बाजूनं येत असेल तर चांगलंच. पण भिंग खिडकीत उघडं ठेवू नका. आपल्या सोलापूरचं ऊन, पेपर पेटायला वेळ लागत नाही.

नंदाताई, ए-३०३: खरंय. माझ्या सासूबाईंच्या चादरीला भोक पडलं होतं. आम्ही उदबत्तीला दोष देत होतो.

महेश: हरिपाठाचं काय? ती पोथी तर पेपरपेक्षा बारीक.

विद्या: त्याला भिंग नकोच. झेरॉक्सवाल्याकडे ए-५ पान ए-३ वर काढा, अक्षर बरोबर दुप्पट होतं. ए-४ वरून ए-३ केलं तर दीडपटीला कमी, १४१ टक्के. कागद चकचकीत नको. ओळ सुटत असेल तर काळ्या कार्डशीटला दोन ओळींएवढी खाच कापून पानावर ठेवा. आजूबाजूचा पांढरा कागद झाकला की अक्षरं उठून दिसतात.

आणि एक, सरळ ओळी अचानक वाकड्या दिसायला लागल्या तर भिंग बदलत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना गाठा.

*(रविवार)*

महेश: विद्याताई, स्टँडवालं १० नंबरचं घेतलं. हरिपाठ मोठा करून आणला. लॅम्प आधी उजवीकडे ठेवला होता, अण्णांनी स्वतःच डावीकडे ओढला. सकाळपासून निधनवार्ता वाचतायत आणि कोण कोण गेलं ते आईला ओरडून सांगतायत. आई म्हणते भिंग परत कर.

सुमनकाकू: 😂 आमचं कपाटातलं काढून मोजलं. ३३ सेंमी.

विद्या: ३ नंबर, काकू. ते कपाटातच राहू द्या. काकांना घेऊन या दुकानात.