मदत हवी आहे: ऑफिसात एसीनं गारठतोय, बाहेर घामानं भिजतोय, थर्मल कुठलं घेऊ?

मंडळी, रंकाळ्यावरनं गोकुळ शिरगावला रोज गाडीवर जातो. उचगाव येईस्तोवर पाठ घामानं चिंब, आणि ऑफिसात माझ्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर एसी, बाकीच्यांना उकडतंय म्हणून २० च्या वर कोण करू देत नाही. मागच्या महिन्यात आतनं लव असलेलं जाड थर्मल घेतलं, घरनंच घालून गेलो तर सिग्नलला जीव नकोसा झाला आणि ऑफिसात तर आधीपेक्षा जास्त थंडी वाजली, हे कसं काय?

पन्हाळा_पायी: मनालीला त्याच जाड थर्मलवर जर्किन घाला, बेस्ट. आम्ही डिसेंबरात गेलेलो.

रंकाळेकर: अहो मनाली नाही, गोकुळ शिरगाव 😄

तांबडा_पांढरा: सुती घे भावा, सुती घाम पितं. सिंथेटिकच्या नादाला लागू नको.

होजिअरीवाला: पितं हे खरं, पण सोडत नाही ना लवकर, तिथंच घोळ आहे. ओला कपडा अंगावर वाळतो तेव्हा अंगातलीच ऊब घेतो, वर एसीचा वारा, मग थंडी वाजणारच. तुमच्या थर्मलची लव पण घामानं भिजून बसली असणार. उद्या ऑफिसात पोचल्यावर बनियनला पाठीमागनं हात लावून बघा. ओलं लागलं तर आधी ते बदला, नाहीतर कितीपण भारी थर्मल घ्या, उपयोग नाही.
माझं ऐकाल तर थर्मल घालून गाडीवर बसूच नका, बॅगेत न्या. पोचल्यावर नॅपकिननं पाठ पुसायची, पाच मिनिटं दम खायचा, कारण घाम लगेच थांबत नाही, मग कोरडं इनर घालायचं. पातळ पॉलिस्टरचं, लव नसलेलं, दीडशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाच्या आसपासचं, अंगाला लागून बसणारं पण काखेत न काचणारं. धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, त्यानं घाम ओढायचं काम बिघडतं.

कुर्तीवाली: आमचं काय? मोठ्या गळ्याच्या कुर्तीतनं इनर दिसतं, आणि रोज बाथरूममध्ये उभ्या उभ्या बदलायचा कंटाळा येतो. मी शेवटी पुढनं बटणाचं स्वेटर ड्रॉवरमध्येच ठेवलंय.

होजिअरीवाला: ताई, खोल गळ्याचं स्लीव्हलेस मिळतं की. पण स्वेटरनं भागतंय तर कशाला खर्च?

रंकाळेकर: चार दिवस करून बघितलं. पहिल्या दिवशी बनियन पिळता आलं असतं एवढं ओलं! आता ते खुर्चीमागं वाळत घालतो, साहेब बघतात पण बोलत नाहीत. थंडी बरीच कमी, फक्त मान अजून आखडते. आणि पॉलिस्टरला संध्याकाळी वास येतो हो.

होजिअरीवाला: वास येणारच, दोन घेऊन आलटून पालटून धुवा. मेरिनो लोकरीला कमी येतो पण महाग, काहींना टोचतं पण. मानेला मात्र थर्मल काय करणार, एसीची पट्टी वर वळवून घ्या.

रंकाळेकर: पट्टी वळवली की पलीकडचा ओरडतो 😑