विषय: सोमवारी टीममध्ये नवीन मुलगी येतेय, चॅटवर ओळख कशी करून देऊ?

प्रसाद (मुंबई)
नमस्कार मंडळी, इंग्लंडहून मुंबईला परत आलो तरी मंडळाच्या लिस्टवरून नाव काढलेलं नाही, तेव्हा हक्काने विचारतोय. पवईच्या ऑफिसात माझी टीम आहे, अर्धी इथे अर्धी मँचेस्टरला, आणि सोमवारी टेस्टिंगला ज्ञानदा म्हणून एक जण जॉइन होतेय. टीम्सवर आमचा ग्रुप चॅट आहे, तिथे तिची ओळख करून द्यायचीय. मेसेज इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

"ज्ञानदाचं स्वागत! टेस्टिंगचा सात वर्षांचा अनुभव, आधी एका बँकेत होती, मधे मुलासाठी दोन वर्षं ब्रेक घेतला होता, डोंबिवलीला राहते, ट्रेकिंगची आवड आहे."

सकाळी दहाला ती आली की लगेच टाकणार आहे. काही सुचत असेल तर सांगा, पहिल्या दिवशी तिला परकं वाटू नये एवढंच मनात आहे.

सुधीरकाका
प्रसाद, छान मजकूर आहे. पण कमिटीत नवीन कोण येतंय हे आम्हाला कळलंच नाही! गणपतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्यायचं असेल तर आधी तिला विचार, कारण ग्रुपमध्ये घेतलं की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो. गेल्या वर्षी एका नवीन मेंबरला न विचारता ॲड केलं, तिला त्याच रात्रीपासून अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले आणि ती ग्रुप सोडून गेली ती परत आलीच नाही.

निखिल
काका, मंडळाचं नाही, त्याच्या ऑफिसचं चाललंय. पण नंबरचा मुद्दा बरोबर आहे, ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तिथेही आधी विचारावं.
प्रसाद, मजकूर ठीक वाटतोय, फक्त मेसेज टाकायच्या आधी तिला चॅटमध्ये ॲड कर, नाहीतर तिच्याबद्दलचा मेसेज तिलाच पोचायचा नाही. आणि जुन्या गप्पांची काळजी करू नकोस, नवीन माणसाला मागचं काही दिसत नाही.

मीनलताई
निखिल, ॲड करायचं ते बरोबर, पण मागचं दिसत नाही हे नेहमीच खरं नाही रे. दोघांच्या चॅटमध्ये तिसरा घेतला तर टीम्समध्ये नवीन चॅट सुरू होतो आणि जुनं जुन्या ठिकाणी राहतं, ते तू म्हणतोस तसं. पण आधीच तीन-चार जणांचा ग्रुप असेल तर ॲड करताना विचारतात, मागचं काहीच दाखवायचं नाही, अमुक दिवसांचं दाखवायचं की सगळं. आणि ग्रुप चॅट नसून टीमचं चॅनल असेल तर तिथे मागचं सगळं दिसतंच, तुम्हाला कोणी विचारत नाही.

हे एवढं का सांगतेय, तर मी आधी जिथे होते तिथे एका मॅनेजरने नवीन मुलाला ॲड करताना, त्याला कामाचा संदर्भ मिळावा म्हणून, सगळी हिस्ट्री दिली. हेतू चांगलाच होता. पण त्याच चॅटमध्ये इंटरव्ह्यूच्या आठवड्यात लोकांनी लिहिलं होतं की ह्याचा नोटीस पीरियड लांब आहे, दुसरा कोणी मिळाला तर बघा. तो मुलगा वर वर स्क्रोल करत तिथे पोचला आणि चुकून त्या मेसेजवर अंगठा दाबला गेला, लिहिणाऱ्याला नोटिफिकेशन आलं तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. डिलीट करायला प्रत्येकाने आपापला मेसेज शोधायचा, तोपर्यंत त्याचं वाचून झालेलं. त्यानंतर तो मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलायचाच नाही.

प्रसाद, तुमच्या चॅटमध्ये तिच्या निवडीबद्दल एक ओळ जरी असेल तरी सरळ नवीन चॅट उघड, त्यात सगळ्यांना घे आणि इथून पुढे काम तिथेच करा. जुना नुसता पडून राहू दे.

आता मजकुराचं. तू तिचा सीव्ही वाचून दाखवतोयस. ब्रेक, मुलगा, डोंबिवली ह्यातलं काय सांगायचं ते तिने ठरवायचं. ब्रेकचं तर काढच, कारण मँचेस्टरच्या लोकांना तिच्याबद्दल पहिली गोष्ट कळणार ती ही की बाई दोन वर्षं घरी होत्या. त्यापेक्षा तिला कशासाठी गाठायचं ते लिही. म्हणजे असं काहीतरी:

"ज्ञानदा आजपासून आपल्याकडे टेस्टिंगला आहे. पेमेंटच्या स्क्रीन ती बघणार आहे, त्यामुळे तिथे काही बदललं तर तिला टॅग करा. पहिले दोन आठवडे ती सिस्टिम समजून घेतेय, रिलीजची कामं अजून किरणकडेच. तिच्या अडचणींसाठी बडी किरण."

ती पहिल्या दोन आठवड्यांची ओळ असली ना, की पहिल्याच संध्याकाळी कोणी तिच्या अंगावर अर्जंट काम टाकत नाही.

आणि वेळ बदल. तुमचे सकाळचे दहा म्हणजे सध्या इथे पहाटेचे साडेपाच. मुंबईची मुलं वेलकम वेलकम करून मोकळी होतील आणि इथले उठेपर्यंत तो मेसेज वर गेलेला असेल. जेवण झाल्यावर सव्वादोनला टाक, इथे पावणेदहा. विसरायला होत असेल तर पाठवायच्या बटणावर राइट क्लिक करून वेळ लावून ठेव.

सायली
ताई, बाकी सगळं पटलं पण मला वेगळं वाटतं. मी इथे जॉइन झाले तेव्हा माझ्या मॅनेजरने असंच नीट लिहिलं होतं, तरी मला ते वाचताना कोणीतरी माझ्या वतीने बोलतंय असं वाटलं, वर पंचवीस जणांनी हात हलवणारी चित्रं टाकली आणि मला कळेना की प्रत्येकाला थँक्यू म्हणायचं का सगळ्यांना मिळून एकदाच. तिलाच तिची ओळख लिहू दे ना. आणि नावाचं बघ, Dnyanada असं स्पेलिंग बघून इथले लोक ड पासून सुरुवात करणार.

मीनलताई
नावाचं बरोबर बोललीस. टीम्सच्या प्रोफाइलवर स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड करून ठेवता येतं, तिला चालणार असेल तर तेवढं करू दे. पण ओळख पूर्णपणे तिच्यावर टाकायला माझं मन घेत नाही. तिच्याकडे कुठलं काम येणार, बडी कोण, हे पहिल्या दिवशी तिला स्वतःलाच नीट माहीत नसतं, ते मॅनेजरनेच सांगावं लागतं. हवं तर कामाचं प्रसादने लिहावं आणि स्वतःबद्दल तिने खाली लिहावं, वाटलं तर.

सायली
"वाटलं तर" म्हटलं तरी सगळे बघत असताना न लिहिणं अवघड जातं ताई.

प्रसाद (मुंबई)
मंडळी, आत्ता चॅट चाळून बघितला. निवडीबद्दल बरंच आहे, पगारावरची एक ओळसुद्धा आहे, त्यामुळे नवीन चॅट उघडतोय. जुन्यातल्या सगळ्यांना कळवलं की आजपासून इकडे लिहा.

ब्रेक आणि डोंबिवली काढलं. ज्ञानदाला फोन करून मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली ट्रेकिंगचं राहू द्या, मुलाचं मी सांगेन ज्याला सांगायचं त्याला. नाव रेकॉर्ड करायला तयार आहे. स्वतःबद्दल लिहिणार का ते विचारलं, त्यावर म्हणाली आधी दोन दिवस बघते.

सायली, स्वागताचे मेसेज खूप येतात त्याचं काय करावं? आमच्यात मागच्या वेळी असंच झालं होतं, पहिल्या तासात चित्रांचा पूर आणि मग आठवडाभर त्या मुलाला कोणी विचारलं नाही.

सायली
दोघांना आधीच सांगून ठेव की नुसतं वेलकम न लिहिता तिला उत्तर देता येईल असा कामातला प्रश्न विचारा. मला एकीने विचारलं होतं की तुमच्याकडे बग कुठल्या टूलमध्ये नोंदवायचे, आणि तिथून आमचं बोलणं सुरू झालं. आजही माझं तिच्याशीच सगळ्यात जास्त बोलणं होतं.

सुधीरकाका
प्रसाद, आता समजलं. आमच्या नवीन खजिनदारांचीही ओळख अजून व्हायची आहे. मीनल, ते "कशासाठी गाठायचं" वालं मला चार ओळीत लिहून देशील का? वर्गणीचं लोक अजून मलाच विचारतात.