मदत हवी आहे: कॅरोसेलच्या एकेका स्लाइडवर फार गर्दी झाली आहे, कशी फोडू?

शिवारवाट
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाच्या इन्स्टाग्राम पानासाठी घरच्या सोयाबीनची उगवण तपासण्यावर कॅरोसेल करते आहे. मजकूर बरोबर आहे, पण गटातल्या चौघांना दाखवला तर काय लक्षात राहिलं ते प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. दुसरी स्लाइड जशीच्या तशी देते:

"घरचं बियाणं तपासूनच पेरा. 100 दाणे ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत मांडून गुंडाळी सावलीत ठेवा, पाणी शिंपडा, 5 ते 7 दिवसांनी कोंब मोजा. 70 च्या वर आले तर एकरी 30 किलो, कमी आले तर बियाणं वाढवा. बीजप्रक्रिया विसरू नका."

बाकीच्या स्लाइडही अशाच आहेत. पेरणी तोंडावर आली आहे, लवकर सांगा.

रंगपेटी७
सोपं आहे. एका स्लाइडवर एकच वाक्य ठेवा. फक्त दहाच्या आत बसवा, इन्स्टाग्राम त्याहून जास्त घेत नाही.

मोडीवाचक
दहाची मर्यादा 2024 मध्ये गेली, आता वीसपर्यंत चालतात. आणि वाक्य मोजून हे सुटणार नाही. ताई, तुमच्या दुसऱ्या वाक्यातच दोन मुद्दे आहेत, मांडणं आणि मोजणं. उलट तीन छोटी वाक्यं मिळूनही एकच मुद्दा होऊ शकतो.

मी असं करतो: मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासमोर वाचणाऱ्याचा प्रश्न लिहितो. इथे पाच निघतात. कशाला तपासू? कसं मांडू? कधी आणि काय मोजू? आकडा आला, आता किती पेरू? बियाण्याला काय लावू? पाचवा या कॅरोसेलचा नाहीच, त्याची वेगळी पोस्ट करा.

मग चित्राची कसोटी लावा. "गोणपाट भिजवा", "दाणे मोजा", "ओळीत मांडा" या तिन्हींना एकच फोटो पुरतो, ओल्या गोणपाटावर दहा ओळी. म्हणजे ती एकच स्लाइड. ती तीन ठिकाणी तोडली तर माणूस तीनदा बोट सरकवतो आणि नवीन काहीच मिळत नाही. कोंब मोजायला मात्र दुसरा फोटो लागतो, गुंडाळी उलगडलेला. तिथे नवी स्लाइड. मथळा "मोजणी" असा ठेवू नका, "सहाव्या दिवशी उलगडा, फक्त धड कोंब मोजा" असं लिहा. मथळ्यातच मुद्दा पुरा झाला पाहिजे. तो होत नसेल तर स्लाइडवर अजून दोन गोष्टी आहेत असं समजा.

बांधकरी_अण्णा
आमची उगवण 58 आली आहे. पेरू का नको? घरचंच बियाणं आहे, मळणी यंत्रातून काढलेलं.

मोडीवाचक
अण्णा, 60 च्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नका, दुसरं बघा. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीच्या माराने आतला कोंब दुखावतो. एकदा कृषी सहायकांनाही दाखवा.

ताई, अण्णांचा प्रश्न तुमच्या मजकुरात कुठेच नाही, बघा. "कमी आले तर वाढवा" यात 65 ही आला आणि 58 ही आला, पण दोघांना सांगायचं वेगळं आहे. शेवटाच्या तीन स्लाइड करा:
"70 किंवा जास्त: एकरी 30 किलो."
"60 ते 69: बियाणं वाढवा." खाली एक उदाहरण, 65 आले तर 30 × 70 ÷ 65, म्हणजे साधारण 32 किलो.
"60 पेक्षा कमी: हे बियाणं पेरू नका."

निळी_शाई
एक सांगू? आमच्याकडे कॅरोसेल कुणी पुरतं बघत नाही. एखाद्या स्लाइडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतो. "एकरी 32 किलो" एवढंच फिरलं तर 80 उगवणीचा माणूसही 32 टाकेल.

मोडीवाचक
अगदी बरोबर. म्हणून आकडा आणि त्याची अट कधीच तोडायची नाही, तो एकच मुद्दा असतो. "65 उगवण असेल तर 32 किलो" हे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात. वर कोपऱ्यात "सोयाबीन" प्रत्येक स्लाइडवर हवं.

रंगपेटी७
हे पटलं. पण तीन निकालांच्या तीन स्लाइड कशाला? एकच तक्ता द्या, तुलना तर हवीच ना.

शिवारवाट
मलाही तक्ता द्यावासा वाटतोय, आमच्याकडचे लोक आकडा शोधत येतात. पण 1080 × 1350 मध्ये तीन ओळींचा तक्ता लहान मोबाइलवर वाचता येतो का, ते आज गटातल्याच एकाच्या फोनवर बघते. बीजप्रक्रिया मात्र काढली. पहिल्या सहा स्लाइड अशा होताहेत: कशाला, मांडणी, गुंडाळी सावलीत, मोजणी, 70 च्या वर, 60 ते 69. अण्णांची सातवी.

निळी_शाई
गुंडाळीच्या स्लाइडवर पाणी शिंपडणं राहू द्या. चित्र तेच आहे, आणि गोणपाट सुकलं तर पुढचा आकडाच खोटा येतो.

बांधकरी_अण्णा
ताई, तयार झालं की इथेच टाका. मी गावच्या ग्रुपवर पाठवतो.