बाळ ठणठणीत असताना एसएमएचं औषध सुरू करायचं का?

किनारा
पुतण्याचं बाळ बारा दिवसांचं आहे. टाचेच्या रक्ताच्या तपासणीत एसएमए, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणारा जनुकीय आजार, निघाला. एसएमएन-१ जनुक नाही, त्याची उणीव थोडी भरून काढणाऱ्या एसएमएन-२ च्या प्रती चार. बाळ पाय झाडतं, दूध ओढून पितं, रडणं घरभर ऐकू जातं. डॉक्टर म्हणतात उपचार आत्ताच सुरू करा. माझं मत असं की चार प्रती म्हणजे सौम्य प्रकार, तेव्हा लक्ष ठेवावं आणि पहिलं लक्षण दिसलं की औषध द्यावं. निरोगी दिसणाऱ्या बाळाला इतकं जालीम औषध कशाला? घरात दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

उत्तरा
घरच्यांना दिसतं ते लक्षण पहिलं नसतं, एवढं मी खात्रीने सांगते. माझ्या मोठ्याला टाइप १, म्हणजे तान्हेपणीच सुरू होणारा तीव्र प्रकार आहे. दुसऱ्या महिन्यात त्याचं रडणं बारीक झालं. उचलून घेतला की मान लोंबायची. आम्हाला सांगितलं गेलं की काही मुलं जरा उशिरा मान धरतात. मग एकदा अंघोळीनंतर उघडा निजवला होता तेव्हा नीट पाहिलं. श्वास घेताना पोट वर येत होतं आणि छाती आत ओढली जात होती. पाय दोन्हीकडे पसरून पडलेले, जिभेवर बारीक थरथर. चेहरा मात्र टवटवीत, डोळे आमच्या मागे मागे फिरणारे. म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

सहाव्या महिन्यात त्याला जीन थेरपी मिळाली. आज तो आधाराशिवाय बसतो, भरपूर बोलतो. चालत नाही. रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप लागतं, सर्दी झाली की कफ काढायला मशीन लागतं. धाकटीची तपासणी जन्मल्याबरोबर झाली, तिच्याही प्रती दोनच. तिला तिसऱ्या आठवड्यात तेच औषध मिळालं आणि ती पळते. माझं मत विचाराल तर एक दिवसही थांबू नका.

रानपाखरू
उत्तराताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण तुमच्या दोन्ही मुलांच्या प्रती दोन, इथे प्रश्न चारचा आहे. चार प्रतींची बहुतेक मुलं चालायला शिकतात. कित्येकांना अशक्तपणा शाळेत जायला लागल्यावर जाणवतो, काहींना त्याहून उशिरा. तेव्हा दोन प्रतींचा न्याय इथे लावणं मला पटत नाही.

औषधांची दुसरी बाजूही बघा. जीन थेरपीत जो विषाणू वाहक म्हणून वापरतात तो मोठ्या मात्रेने शिरेतून जातो आणि यकृताला सूज येऊ शकते. २०२२ मध्ये दोन मुलं यकृत निकामी होऊन गेल्याची नोंद आहे. शिवाय एकदा दिलं की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, मग तेच औषध पुन्हा देता येत नाही. उद्या याहून चांगलं औषध त्याच वाहकातून आलं तर या बाळाला ते बंद. नुसिनर्सेन हे दुसरं औषध घ्यायचं तर दर चार महिन्यांनी पाठीच्या कण्यात सुई, जन्मभर. मी किनारांच्या बाजूने आहे.

तेजस_प
एवढा विचार कशाला? जीन थेरपी खराब जनुक दुरुस्त करते. एक डोस, मूल पूर्ण बरं आणि त्याच्या पुढच्या पिढीचीही काळजी मिटली. ज्यांना आत्ता मिळतंय त्यांनी घेऊन टाकावं.

मुग्धा
माझ्या मावसभावाला डचेन आहे. त्याच्या वेळी डॉक्टरांनी आईची तपासणी करायला सांगितली होती, कारण तो आईकडून येतो. तुमच्याकडेही बाळाच्या आईची आणि मावशीची तपासणी आधी करा, औषधाचं नंतर बघता येईल.

डॉ. सुमेधा
मी मुलांच्या मज्जाविकारांवर काम करते.

मुग्धा, डचेन हा स्नायूंचा आजार, आणि तो एक्स गुणसूत्रावरून येतो. एसएमएमध्ये मुळात स्नायू चांगले असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरतात. जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे आणि बहुतेक वेळा आई-वडील दोघेही वाहक असतात. त्यामुळे तपासणी दोघांची करायची. ती पुढच्या गर्भारपणासाठी हवी, या बाळाच्या निर्णयासाठी थांबवून ठेवण्याचं कारण नाही.

तेजस, जुनं जनुक जिथे नाही तिथे ते नाहीच राहतं. पेशीत एक चालू जनुक वेगळं सोडलं जातं, ते बहुधा गुणसूत्राला जोडलं न जाता बाजूला राहतं. मज्जारज्जूतल्या त्या पेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, विभागत नाहीत, म्हणून त्यांच्यात ते टिकतं. यकृताच्या पेशी विभागतात, तिथे ते विरळ होत जातं. बीजपेशींतला दोष तसाच राहतो, त्यामुळे पुढच्या पिढीचं गणित बदलत नाही. आणि मेलेला न्यूरॉन कोणतंही औषध परत आणत नाही. ‘पूर्ण बरं’ हे उशिरा औषध मिळालेल्या मुलांबद्दल म्हणता येत नाही.

किनारा, आता तुमच्या मुद्द्याबद्दल. एसएमएन-२ हे एसएमएन-१ चं जवळजवळ जुळं जनुक. एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या बहुतेक संदेशांतून सातवा तुकडा गळतो आणि तयार होणारं प्रथिन टिकत नाही. साधारण दहात एक संदेश पूर्ण निघतो. प्रती जास्त तर चांगलं प्रथिन जास्त, म्हणून चार प्रतींचा आजार सौम्य. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण ताकद बघून थांबायचं यात एक अडचण आहे. एक न्यूरॉन मेला की शेजारचा फांदी फोडतो आणि अनाथ झालेले स्नायूतंतू आपल्याकडे घेतो. ओसाड पडलेली शेतं शेजाऱ्याने कसायला घ्यावीत तसं. गाव हिरवं दिसतं, कसणारे मात्र कमी होत जातात. मूल धडधाकट दिसतं आणि शेजाऱ्याचीही क्षमता संपली की मग एकदम जिना चढणं जड जातं. त्या दिवशी सुरू केलेलं औषध उरलेले न्यूरॉन वाचवतं, गेलेले नाही.

दोन प्रतींच्या बाबतीत हे आकड्यांत दिसतं. लक्षणं सुरू झाल्यावर, पण वय सहा महिने होण्याआधी जीन थेरपी दिलेल्या एका चाचणीत २२ बाळं होती. त्यांतली १३ दीड वर्षांची असताना अर्धा मिनिट आधाराशिवाय बसू शकली. लक्षणांआधी, पहिल्या सहा आठवड्यांत दिलेल्या दुसऱ्या चाचणीत दोन प्रतींची १४ बाळं होती, ती सगळी बसली.

रानपाखरू
डॉक्टर, हे आकडे पुन्हा दोन प्रतींचेच. चार प्रतींच्या बाळांची अशी चाचणी कुठे आहे? आणि २०१८ च्या तज्ज्ञांच्या शिफारशीत चार प्रतींना थांबून पाहा असंच लिहिलं होतं ना?

डॉ. सुमेधा
हो, २०१८ मध्ये तसंच होतं. त्याच गटाने २०२० मध्ये मत बदललं आणि चार प्रतींनाही लगेच उपचार द्यावेत असं म्हटलं. पाच किंवा जास्त असतील तर थांबायचं. जर्मनीत नवजात तपासणीत सापडलेल्या चार प्रतींच्या काही मुलांना थांबून पाहत असतानाच अगदी लहान वयात लक्षणं आली. तुमची एक गोष्ट मात्र मी मान्य करते: चार प्रतींसाठी पुरावा बराच पातळ आहे आणि यावर डॉक्टरांमध्ये आजही एकमत नाही. माझा कल उपचाराकडे आहे, कारण उशीर झाला तर तो भरून निघत नाही.

यकृताबद्दल. डोसच्या आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करतात, रोज वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, किमान ३० दिवस. नंतर यकृताचे एन्झाइम बघत बघत ते उतरवतात. ते दोन मृत्यू डोसनंतर पाच-सहा आठवड्यांनी झाले, स्टेरॉइड उतरवायला घेतल्यानंतर. म्हणून रक्त तपासणी एक आठवडाही चुकवायची नाही. एन्झाइम चढले की स्टेरॉइड उतरवणं तिथेच थांबवायचं. प्लेटलेट आणि हृदयाला इजा झाली का ते सांगणारं ट्रोपोनिनही बघतात. बाळाला ताप-सर्दी असेल तर डोस पुढे ढकलायचा.

पिपेट
मी जनुकीय प्रयोगशाळेत काम करतो. तुम्ही सगळे ‘चार’ हा आकडा दगडावरची रेघ समजून भांडताय. एक आणि दोन प्रतींतला फरक मोजणं सोपं आहे, तीन आणि चारमधला अवघड. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातला डीएनए कमी-जास्त आला की तीनचे चार दिसतात, चारचे तीनही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं जुळत नाहीत असं घडतं. बाळाचं शिरेतून नवं रक्त घ्या आणि प्रती दुसऱ्या पद्धतीने, एमएलपीए किंवा डिजिटल पीसीआरने, मोजून घ्या. त्याच वेळी एएव्ही-९, म्हणजे जीन थेरपीतल्या वाहक विषाणूविरुद्धची प्रतिपिंडंही तपासा. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात येतात. जास्त निघाली तर जीन थेरपी लगेच देता येत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते.

किनारा
हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. समजा पुन्हा चारच आले आणि आई-वडिलांनी थांबायचं ठरवलं, तर नुसतं बाळाकडे बघत बसण्यापलीकडे काही मोजता येतं का?

डॉ. सुमेधा
येतं. हाताच्या अल्नर नर्व्हला विजेचा बारीक झटका देऊन करंगळीच्या बाजूच्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात, त्याला सीएमएपी म्हणतात. वाढत्या बाळात तो वाढत जायला हवा. तो जागच्या जागी थांबला किंवा घसरला, तर मूल कितीही खेळत असलं तरी ते लक्षणच समजायचं. गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला तरी तसंच. ही तपासणी पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी हवी, शक्यतो एकाच माणसाच्या हातून, नाहीतर यंत्राचा फरक आजाराचा वाटतो. मरणाऱ्या न्यूरॉनमधून रक्तात येणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन दोन प्रतींच्या बाळांत खूप वाढलेलं असतं, पण चार प्रतींत ते नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

औषध निवडताना एक लक्षात घ्या. युरोपात जीन थेरपीची परवानगी टाइप १ किंवा तीनपर्यंत प्रती अशी आहे, अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना प्रतींची अट नाही. चार प्रतींसाठी मी रिसडिप्लाम विचारात घेईन. रोज तोंडाने द्यायचं द्रव औषध आहे, एसएमएन-२ कडूनच जास्त पूर्ण संदेश काढून घेतं, आणि नको वाटलं तर थांबवता येतं.

उत्तरा
थांबवता येतं हे खरं, पण रोज न चुकता द्यावं लागतं. मूल सुदृढ दिसत असताना तीन वर्षांनी घरातलंच कोणीतरी म्हणेल की आता कशाला, बरं तर आहे. त्या दिवसासाठी आई-वडिलांनी मन आत्ताच पक्कं करावं.

रानपाखरू
रिसडिप्लामवर माझा आक्षेप कमी आहे, नाही असं नाही. आज जन्मलेलं बाळ ते पुढची कित्येक दशकं घेणार, आणि औषध बाजारात आलं २०२० मध्ये. इतक्या लांबचा अनुभव कोणाकडेच नाही. सीएमएपी वाढत असेल तोवर थांबणाऱ्या आई-वडिलांना मी निष्काळजी म्हणणार नाही.

डॉ. सुमेधा
मीही म्हणणार नाही. फक्त थांबण्याची अट आधी कागदावर लिहून घ्या: किती दिवसांनी तपासायचं आणि काय दिसलं की त्याच आठवड्यात औषध सुरू करायचं. अशी अट नसेल तर थांबणं पुढे पुढे सरकत जातं, ते मी पाहिलेलं आहे.

किनारा
शिरेतलं रक्त उद्या देणार. प्रतिपिंडांचंही सांगितलंय. तीन आल्या तर माझा विरोध संपला. चार आल्या तर मी अजूनही थांबण्याच्याच बाजूचा आहे, पण सीएमएपीशिवाय नाही. पुतण्या आणि सून दोघं रिसडिप्लामकडे झुकलेत आणि निर्णय त्यांचा आहे. पिपेट, दोन प्रयोगशाळांची उत्तरं जुळली नाहीत तर कोणतं धरायचं?

पिपेट
कमी आलेला आकडा धरा आणि तिसऱ्यांदा मोजायला पाठवा. तिसरं उत्तर येईपर्यंत बाळाला तीन प्रतींचं समजून वागा.